वाटीभर चाळीस व्हॉल्यूम

«ताई, मी अमळनेरला राहते, वय ४३. कपाळाशी आणि कानाजवळ पांढरे केस बरेच झालेत, बाकी डोकं काळं. आजवर पाकिटातला काळा रंगच लावत आले. या वेळी म्हटलं जरा तांबूस ब्राउन करू. दुकानातून ५.४ नंबरची ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला, पांढरे हट्टी असतील तर चाळीसचा डेव्हलपर न्या, तो स्ट्राँग असतो. ६० ग्रॅमची अख्खी ट्यूब आणि भाजीची एक वाटी भरून डेव्हलपर कालवला, मुळापासून टोकापर्यंत लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या ऊन दिलं की रंग लवकर चढतो, म्हणून पिशवी बांधून गच्चीवर बसले. वीस मिनिटांत टाळू इतकी चुरचुरली की धुऊनच टाकलं. आता मुळाशी केशरी पट्टा आहे, डाव्या बाजूला जास्तच. पांढरे केस अर्धवट रंगलेत, चमकतात. खाली सगळं काळंकुट्ट, टोकं सुतळीसारखी. अखाजीला महिना-सव्वा महिना आहे, लेकी-नणंदा येतील. यावर लगेच काळा मारू की पुन्हा तोच रंग जास्त वेळ ठेवू? डेव्हलपर कुठला घेऊ आणि किती?»

ताई, दोन्ही नको. दोन आठवडे डोक्याला काहीच लावायचं नाही, खोबरेल सोडून. टाळूवर फोड आले असतील, पाणी येत असेल किंवा चेहऱ्याला सूज असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे आजच जा, रंगाचं नंतर बघू. नुसती चुरचुर होऊन थांबली असेल तर पुढचं वाचा. अखाजीपर्यंत डोकं नीट दिसेल असं करता येतं, वेळ पुरेसा आहे.

आधी त्या वाटीत काय झालं ते सांगते, नाहीतर बाटली बदलूनही तुम्ही तीच चूक कराल.

डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. दहा व्हॉल्यूममध्ये ते ३ टक्के असतं, वीसमध्ये ६, तीसमध्ये ९ आणि चाळीसमध्ये १२. व्हॉल्यूमचा अर्थ एवढाच की बाटलीतल्या एका मापातून तेवढी मापं ऑक्सिजन सुटतो. केसात गेल्यावर हे पेरॉक्साइड दोन कामं एकदम करतं. केसाचा मूळचा काळा रंग फोडून तो फिका करतं, आणि ट्यूबमधले जे बारीक बिनरंगी कण केसात शिरतात त्यांना फुगवून रंगीत बनवतं. फुगलेले कण मग बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. ट्यूबमधला अमोनिया केसाचे खवले उघडून देतो, म्हणजे दार उघडणारा तो, आत काम करणारं पेरॉक्साइड.

आता पांढऱ्या केसाकडे बघा. त्यात फोडायला काळा रंग मुळी नाहीच. त्याला पहिलं काम लागत नाही, फक्त दुसरं लागतं, आणि दुसऱ्या कामाला वीस व्हॉल्यूम पुरतो. पांढरा केस हट्टी असतो हे खरं, पण त्याचा हट्ट जाडसर, घट्ट बसलेल्या खवल्यांचा असतो. तो ताकदीने सुटत नाही, वेळेने सुटतो. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं द्यावी लागतात. ‘स्ट्राँग म्हणजे पांढरे लवकर झाकतात’ हे मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता वादही घालत नाही. चाळीस व्हॉल्यूम असतो तो न रंगवलेले काळे केस तीन-चार पायऱ्या फिके करायला, आणि तोही टाळूला न लागू देता. घरात त्याचं काम नाही. तीसचंही जवळजवळ नाहीच.

तुमच्याकडे त्याने काय केलं? भरीताचं वांगं आठवा. कपाशीच्या काड्यांचा जाळ एकदम मोठा केला तर साल कोळसा होते आणि आत वांगं कच्चंच राहतं. मग आपण चटका लागतो म्हणून ते काढूनही घेतो. तुमचं तेच झालं. काळे केस भराभर फिके झाले, टाळू भाजली, म्हणून तुम्ही वीस मिनिटांत धुतलं, आणि पांढऱ्या केसात रंगाचे कण फुगायला जो वेळ लागतो तो मिळालाच नाही. पांढरे झाकावेत म्हणून आणलेल्या बाटलीनेच पांढरे उघडे ठेवले.

केशरी कुठून आला, तर तो ट्यूबमधून थोडा आणि तुमच्याच केसातून जास्त. आपल्याकडच्या काळ्या केसाचा रंग फोडायला लागलं की आधी लालसर, मग तांबडा, मग केशरी असा आतला रंग वर येतो. तुम्ही त्यावर ५.४ लावलात. नंबरमधला पहिला आकडा म्हणजे केस किती गडद. १ काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम, ५ फिका तपकिरी, असं दहापर्यंत चढत जातं. टिंबानंतरचा आकडा म्हणजे झाक, आणि बहुतेक कंपन्यांत ४ म्हणजे तांब्याची. म्हणजे केसातून वर आलेल्या केशरीवर आणखी तांबं ओतलं. पांढऱ्या केसात खाली आधाराला काहीच नसतं, त्यामुळे अशी नुसती झाकेची शेड त्यावर पारदर्शक बसते आणि चमकते. पांढरे बरेच असतील तेव्हा त्या शेडमध्ये त्याच नंबरची साधी, नॅचरल ट्यूब मिसळावी लागते. ते पुढे सांगते.

आता मापाकडे येऊ, कारण माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. बायकांना वाटतं डेव्हलपर म्हणजे पाणी, रंग पातळ करायचं साधन. जास्त घातला की रंग पुरतो. पण डेव्हलपर वाढवला की दोन गोष्टी एकदम बदलतात, रंग कमी पडतो आणि पेरॉक्साइड वाढतं. भाजीची वाटी साधारण १५० ग्रॅमची धरू. तुमची ट्यूब ६० ग्रॅमची. कालवलेला गोळा २१० ग्रॅम, त्यात पेरॉक्साइड १८ ग्रॅम, म्हणजे शंभरात साडेआठ. ट्यूबचा रंग शंभरात २९ च्या आत. आता त्याच ट्यूबला ‘एकास दीड’ या मापाने वीस व्हॉल्यूम घातला असता, म्हणजे ९० ग्रॅम, तर गोळा झाला असता १५० ग्रॅम. त्यात पेरॉक्साइड ५.४ ग्रॅम, शंभरात साडेतीनच्या जरासं वर, आणि रंग शंभरात ४०. तुम्ही लावलंत त्यात फिकं करणारं जवळजवळ अडीच पट आणि झाकणारं जेमतेम पाऊण पट होतं. पांढरे उघडे राहिले आणि काळे केशरी झाले याचं नवल नको वाटायला.

एकास एक, एकास दीड, एकास दोन अशी तीन मापं चालतात. कुठलं घ्यायचं ते आपल्या मनावर नाही, ट्यूबच्या घडीपत्रावर असतं, कारण कंपनीने त्या ट्यूबमध्ये अमोनिया आणि रंग तेवढ्याच डेव्हलपरसाठी घातलेला असतो. एकास एक दाट होतं, पांढऱ्यावर चांगलं बसतं. एकास दोन बहुतेक केस खूप फिके करणाऱ्या शेडसाठी असतं. घडीपत्रावर एकास दीड असेल तर एकास दीडच. पुरत नाही म्हणून शेवटी बाटली पुन्हा पिळायची नाही, पुरत नसेल तर दुसरी ट्यूब फोडायची. आणि एका खोक्यात ट्यूब-बाटली दोन्ही आलेली असेल तर त्यातली बाटली बदलायची नाही, ते माप कंपनीने आधीच बांधून दिलेलं असतं.

मापायला वाटी-चमचा चालत नाही. ट्यूबमधली क्रीम चमच्याला किती चिकटली, बाटलीतलं किती सांडलं, काही कळत नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, फराळाला वापरतात तो. त्यावर प्लॅस्टिकचा बाउल ठेवून शून्य करा, ट्यूब पिळा, पुन्हा शून्य करा, डेव्हलपर ओता. बाउल धातूचा नको.

दोन ट्यूब मिसळता तेव्हा एक चूक हमखास होते. समजा नॅचरल २० ग्रॅम आणि तांबूस १० ग्रॅम घेतलं. रंग एकूण ३० ग्रॅम झाला, म्हणून एकास दीडने डेव्हलपर ४५ ग्रॅम. बायका पहिल्या ट्यूबला ३० मोजतात आणि दुसरी ‘नुसती झाकेला’ म्हणून वरून पिळतात, डेव्हलपर वाढवतच नाहीत. मग तो गोळा दाट होतो, अर्धा केसात शिरतच नाही.

घरात आता तुमची चाळीसची बाटली उरली असेल आणि मनात येईल की निम्मं पाणी घालून वीस करू. हिशेब बरोबर आहे, पण क्रीमच्या बाटलीत पाणी घातलं की ती सुटते, गोळा पातळ होऊन कपाळावरून डोळ्यात ओघळतो. वीसची लहान बाटली नवीन आणा. डेव्हलपर डेव्हलपरमध्ये मिसळला तर मात्र चालतं, दहा आणि तीस समभाग म्हणजे वीस. एकाच कंपनीचे असावेत.

आता डावी बाजू जास्त केशरी का. ऊन त्या बाजूला होतं, म्हणून. पेरॉक्साइडला उष्णता मिळाली की ते पळतं. मुळाशी टाळूची ऊब असतेच, म्हणून मुळापासचा बोटाच्या पेराएवढा केस नेहमीच बाकीच्यापेक्षा लवकर फिका होतो. त्यात मार्च उलटल्यावरचं आपल्याकडचं ऊन आणि वर प्लॅस्टिकची पिशवी! काकूंना वाईट वाटायला नको, मेंदीला ऊन देतात ते त्यांच्या डोक्यात असणार. पण मेंदी वेगळी, हे वेगळं. रंग लावायचा तो सकाळी, घरात, पंख्याचा थेट वारा न घेता. आपल्याकडच्या कोरड्या हवेत वाऱ्याने गोळा डोक्यावर सुकतो, आणि सुकला की तिथे काम थांबतं. कुलर चालू असेल त्या खोलीत, झोतापासून बाजूला बसा.

खालचे केस काळेच राहिले त्याचं कारण एका ओळीचं आहे. रंगाने रंग फिका होत नाही. पाकिटातला काळा वर्षानुवर्षं साठलाय, त्यावर ५.४ लावून काही दिसायचं नाही. चाळीसने तिथे फक्त केस खाल्ले, म्हणून सुतळी झाली.

हे मी तोंड वर करून सांगतेय, पण पार्लरच्या पहिल्या वर्षी मी स्वतःच्या केसांवर दर महिन्याला हेच केलं. बाउलमध्ये उरलेला रंग ‘वाया कशाला’ म्हणून शेवटची पाच मिनिटं कंगव्याने टोकापर्यंत ओढायचे. वर्षभरात मुळं तपकिरी, मध्ये गडद, टोकं कावळ्यासारखी. त्या वर्षीच्या फोटोत माझं डोकं तीन वेगवेगळ्या बायकांचं दिसतं. शेवटी चार बोटं केस कापले तेव्हा सुटले. उरलेला रंग फेकायचा असतो, आणि डबीत झाकण लावून तर अजिबात ठेवायचा नाही. तो वायू सोडत राहतो, झाकण उडतं.

दोन आठवड्यांनी काय करायचं ते आता सांगते. आधी एक ओला केस दोन बोटांत धरून हळू ताणा. थोडा ताणून परत आला तर ठीक. रबरासारखा लांबत गेला, चिकट लागला आणि परत आला नाही, तर त्या केसावर कुठलाही पेरॉक्साइड नको, दहासुद्धा. टोकांची गत मला तशीच वाटते. टोकं दोन बोटं कापून टाका आणि त्यांना पुढे रंग लावूच नका.

दुसरं, पाकिटातला काळा नेमका कुठला होता ते पाठीमागे वाचा. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत नुसती मेंदी नसते, रंग आणि धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी असे क्षार भिडले तर केस गरम होऊन तुटतात. म्हणून कंगव्यात निघालेले दहा-पंधरा केस दोऱ्याने बांधा, काचेच्या वाटीत कालवलेल्या रंगात बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवा, मधूनमधून वाटीला हात लावा. वाटी कोमट झाली, बुडबुडे आले, वास तीव्र आला किंवा केस विरघळल्यासारखे मऊ झाले, तर घरी पुढे जायचं नाही. काही झालं नाही तर धुऊन उन्हात धरा, डोक्यावर कसा दिसेल तेही तिथेच कळतं. त्याच दिवशी रंगाचा ठिपका कानामागे घडीपत्रात सांगितल्याप्रमाणे लावून ४८ तास बघा. पाकिटातला काळा इतकी वर्षं सोसला म्हणून हा सोसेलच असं नसतं, आणि तुमची टाळू नुकतीच दुखावलेली आहे.

शेड कुठली? या वेळी तांबूस विसरा. खालचे केस काळे आहेत, ते फिके होणार नाहीत, तर वरचे त्यांच्या जवळ आणायचे. पुढच्या पांढऱ्यांसाठी ३ नॅचरल, मागच्या केशरी पट्ट्यासाठी ४ नॅचरल. टिंब नाही, किंवा टिंबापुढे शून्य. केशरी पट्ट्याला एक पायरी फिकी शेड का, तर तो केस आता सच्छिद्र झालाय, स्पंजासारखा रंग ओढतो. त्यावर ३ लावला तर काळपट डाग दिसेल.

त्यामुळे बाउल दोन. पहिल्यात ३ नॅचरल २० ग्रॅम आणि वीस व्हॉल्यूम ३० ग्रॅम. दुसऱ्यात ४ नॅचरल २० ग्रॅम आणि दहा व्हॉल्यूम ३० ग्रॅम. हे एकास दीडचं माप झालं. घडीपत्रावर एकास एक असेल तर २० ला २० घ्या. दहा व्हॉल्यूम दुसऱ्या बाउलसाठी अशाकरता की तिथे फिकं करायचं काहीच उरलेलं नाही, नुसता रंग बसवायचाय. पुढच्या बाजूला मात्र दहा पुरत नाही, पांढरे त्याला दाद देत नाहीत. दुसरा बाउल आत्ता कालवायचा नाही. कालवलेला रंग अर्ध्या तासात मरायला लागतो, तो आयत्या वेळी कालवा.

आदल्या दिवशी शाम्पू करा, कंडिशनर नको. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, नळाच्या तोंडाशी पांढरा खडा बसत असेल, तर केसावरही तसाच थर असतो आणि रंग डागाडागाने बसतो. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने, दोन तांबे पुरतात. रंगाच्या दिवशी मात्र डोकं धुवायचं नाही, टाळूचं नैसर्गिक तेल तेवढाच आडोसा. कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन, हातात मोजे.

पहिला बाउल कपाळाच्या रेषेला आणि कानशिलांना, जिथे पांढरे दाट तिथे आधी. भांग इतका पातळ पाडा की केसांच्या पापुद्र्यातून पलीकडचं बोट दिसावं. जाड बटा घेतल्या की वरचा केस रंगतो, आतला तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी वारा आला की आतले ठिपके दिसतात. ब्रशने भरपूर लावा, चोळू नका. दहा-पंधरा मिनिटांत लावून संपलं पाहिजे. घड्याळ बघायचं ते शेवटचा ब्रश लागल्यापासून, पहिला लागल्यापासून नाही.

वीस मिनिटं झाली की दुसरा बाउल कालवा आणि मागच्या केशरी पट्ट्यावर लावा. काळा केस जिथे सुरू होतो तिथे थांबायचं. या सीमेवर हात घसरला तर तिथे काळी रिंग पडते, म्हणून सीमेच्या खालच्या केसांना आधी थोडं कंडिशनर चोपडून ठेवा. मागचं नीट दिसत नाही, लेक नाहीतर जाऊ, कुणाला तरी बसवा. दहा मिनिटांनी ओल्या कापसाने एक बट पुसून पाहा. सच्छिद्र केस लवकर भरतो, तपकिरी दिसला की झालं, डावी बाजू आधी बघा. पुढचे पांढरे पुसले तेव्हा पिवळट दिसले तर अजून कच्चे आहेत, पाच मिनिटं थांबा. घडीपत्रावर जी जास्तीत जास्त वेळ असेल तिच्यापलीकडे मात्र नाही. हलकी चुणचुण चालते. परवासारखी आग झाली तर माप-वेळ काही न बघता धुवायचं.

धुताना थोडं पाणी घालून आधी सगळं बोटांनी फेसाळा, मग भरपूर पाण्याने काढा. दोन दिवस शाम्पू नको.

पुढे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. चार ते सहा आठवड्यांनी फक्त वाढलेली मुळं रंगवायची, वीस व्हॉल्यूमने, २० ग्रॅम रंगात भागतं. या वेळच्या रंगाला अखाजीच्या आठवडाभर आधीची तारीख धरा, आदल्या दिवशीची नको. त्या दिवशी खापराच्या पोळ्यांचा धूर आणि घाम, त्यात नवा रंग गळ्यावर उतरतो.

तांबूसची हौस राहिलीच असेल तर ती नव्या मुळांवर भागवा, पावसाळ्यात. ५ नॅचरल २० ग्रॅम, ५.४ दहा ग्रॅम, वीस व्हॉल्यूम ४५ ग्रॅम. वीसने काळा केस एक-दोन पायऱ्याच चढतो, त्यामुळे खोक्यावरच्या बाईसारखं होणार नाही. सावलीत तपकिरी आणि उन्हात तांबूस झाक, इतकंच. पांढऱ्यांवर ती जरा जास्त उठेल, ती नको वाटली तर ५.४ पाच ग्रॅमवर आणा, नॅचरल पंचवीस करा. डेव्हलपर पंचेचाळीसच राहील.